शून्य बरोबर, वजन चूक

सकाळी दुकान उघडून काट्याचं बटण दाबलं की पडद्यावर आकडे झरझर धावतात आणि शून्यावर येऊन थांबतात. गिऱ्हाईक तेवढंच पाहतं, दुकानदारही तेवढंच पाहतो. शून्य दिसलं म्हणजे काटा ठीक, असा दोघांचाही समज असतो. म्हणूनच रिकाम्या काट्यावर कधी ५ ग्रॅम, कधी १० ग्रॅम, कधी उणे ५ ग्रॅम असे आकडे दिसू लागले, की लगेच ‘काटा बिघडला, कॅलिब्रेशन करून घ्या’ असं म्हटलं जातं.

हा समज दोन्ही बाजूंनी अपुरा आहे. पडद्यावर स्वच्छ शून्य असूनही १० किलोला ३० ग्रॅमची चूक असू शकते. उलट शून्य हलत असलं, तरी काट्याला कॅलिब्रेशनची गरज नसेल असंही होतं. डोक्यावरचा पंखा बंद करून पुरत असेल, तर कॅलिब्रेशन कशाला? चूक कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावं लागतं, आणि ते ओळखण्याची रीत कुणालाही समजेल इतकी सरळ आहे.

चुकीच्या मुख्य जाती दोन. पहिली शून्याची. शून्य १० ग्रॅमने सरकलं असेल, तर किलोभर साखरेतही १० ग्रॅमचा फरक पडतो आणि २० किलो तांदळातही १० ग्रॅमचाच. दुसरी चूक प्रमाणाची. काटा दुरुस्त करणारे तिला ‘स्पॅन’ची चूक म्हणतात. ती वजनाबरोबर वाढत जाते. किलोला ३ ग्रॅम असेल, तर १० किलोला ३० ग्रॅम. शून्याचं बटण दाबून पहिली चूक त्या क्षणापुरती पुसता येते. दुसरीला ते बटण स्पर्शही करत नाही, कारण रिकाम्या काट्यावर ती दिसतच नाही.

या दोन्ही चुका जिथे जन्म घेतात, तो भाग काट्याच्या पोटात असतो. वरची स्टीलची प्लेट उचलली की तिच्याखाली आधाराची चौकट दिसते, आणि त्या चौकटीच्या मधोमध ॲल्युमिनियमचा एक ठोकळा. हाच लोडसेल. त्याचं एक टोक काट्याच्या तळाला घट्ट आवळलेलं असतं आणि दुसऱ्या टोकावर प्लेटचा सगळा भार येतो. ठोकळ्याच्या पोटात आरपार पोकळी कोरलेली असते. त्यामुळे वर आणि खाली मिळून चार ठिकाणी धातू पातळ झालेला असतो. वजन ठेवलं की ठोकळा किंचित वाकतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण त्या चार पातळ जागांपैकी दोन ताणल्या जातात आणि दोन दाबल्या जातात.

या चारही जागांवर धातूच्या अतिशय पातळ, नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांना स्ट्रेन गेज म्हणतात. पट्टी ताणली गेली की तिचा विद्युत रोध वाढतो, दाबली गेली की कमी होतो. एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३८ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही चिकटवायची पट्टी शोधून काढली. आजच्या किराणा दुकानातला काटाही त्याच तत्त्वावर चालतो. चार पट्ट्या एकमेकींना अशा जोडलेल्या असतात की प्लेट रिकामी असताना त्यांचा तोल जवळजवळ साधलेला असतो. भार आला की तो तोल बिघडतो आणि किती बिघडला त्यावरून वजन काढलं जातं.

हा संकेत किती नाजूक असतो, हे एकदा समजलं की पुढचं सगळं उलगडतं. दुकानात सर्रास दिसणारा काटा ३० किलोचा असतो आणि ५-५ ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. लोडसेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला त्यातून साधारण १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. ३० किलोत ५ ग्रॅमचे ६,००० टप्पे बसतात. म्हणजे ५ ग्रॅमचा एक टप्पा म्हणजे दोन मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी, एका व्होल्टच्या पाच लाखांशापेक्षा लहान फरक. इतका लहान फरक वाचणाऱ्या यंत्राला वारा, ओल, उष्णता, धूळ यांतलं सगळं काही जाणवतं.

वाऱ्याचंच पाहा. काट्याची प्लेट साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरची असते. तिच्यावर वरून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा आला, तरी ५ ग्रॅमच्या आसपास दाब पडतो. छताचा पंखा एवढा वारा सहज देतो. तो वारा एकसारखा नसतो, म्हणून पडद्यावरचा आकडाही शून्य आणि पाचच्या मध्ये नाचत राहतो. असा भराभर मागे-पुढे होणारा आकडा बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने हलतो: पंखा, डुगडुगणारं टेबल, शेजारचा थरथरणारा फ्रीज, प्लेटला टेकलेली पिशवी किंवा वायर. एकाच दिशेने सावकाश सरकत जाणारा आकडा मात्र वेगळं सांगतो. काटा नुकताच सुरू केला असेल, तर आतले भाग अजून तापत असतात. पंधरा-वीस मिनिटांनी ते सरकणं थांबायला हवं. त्यानंतरही थांबलं नाही, तर संशय लोडसेलवर किंवा त्याच्या जोडण्यांवर जातो.

इथे काट्याचीच एक सोय निदानाच्या आड येते. रिकाम्या काट्यावर शून्याच्या अगदी जवळ, सावकाश होणारे बारीक बदल यंत्र आपोआप गिळून टाकतं आणि पडद्यावर शून्यच ठेवतं. धूळ साचली, हवा तापली, तरी दुकानदाराला दर वेळी बटण दाबावं लागू नये, म्हणून ही व्यवस्था असते. पण प्लेटवर वजन असताना ती काम करत नाही. त्यामुळे आतून सरकणारा काटा रिकामा असताना शांत दिसू शकतो आणि तीच सरक मालासकट वजनात शिरते.

उपाय साधा आहे. पडताळणी झालेलं २ किलोचं माप प्लेटच्या मधोमध ठेवायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि पंधरा मिनिटं काट्याला हात लावायचा नाही. आपोआप शून्य करणारी व्यवस्था आता गप्प असते, त्यामुळे काटा सरकत असेल तर ते उघड दिसतं.

कारणं एकात एक कशी गुंततात आणि ती सोडवायची कशी, हे पाहण्यासाठी कोकणातल्या तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणू. पावसाळा संपत आला आहे. काटा ३० किलोचा, ५ ग्रॅम टप्प्याचा. रिकामा असताना आकडा हलतो आणि ‘तांदूळ कमी भरले’ किंवा ‘जास्त भरले’ अशा दोन्ही तऱ्हांच्या कुरबुरी आहेत. परवानाधारक दुरुस्तीवाला येतो. तो पेचकस बाहेर काढत नाही. आधी पंखा बंद करायला सांगतो आणि काट्याच्या कोपऱ्यातला पाणसळीचा बुडबुडा पाहतो.

बुडबुडा वर्तुळाच्या बाहेर गेलेला आहे, आणि काट्याच्या चार पायांपैकी एक पाय टेबलाला टेकलेलाच नाही. काटा तिरका असला की वजनाचा पूर्ण जोर लोडसेलवर सरळ खाली येत नाही, त्याचा थोडा भाग बाजूला जातो आणि वजन कमी दिसतं. ३० सेंटिमीटर रुंदीचा काटा एका बाजूने सेंटिमीटरभर उंच राहिला, तर तो साधारण २ अंशांनी कलतो. एवढ्या कलाने १० किलोला ६ ग्रॅमची घट येते. तीच बाजू अडीच-पावणेतीन सेंटिमीटर उंच झाली, की कल ५ अंशांचा होतो आणि घट ३८ ग्रॅमवर पोचते. म्हणजे थोडा कल थोडं खातो आणि जास्त कल फार वेगाने खायला लागतो. अधांतरी पायाचा त्रास निराळा: माल ठेवताना काटा प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने बसतो आणि तोच माल दोनदा ठेवला तर दोन आकडे येतात. दुरुस्तीवाला काटा भक्कम फळीवर ठेवतो, चारही पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मध्यावर आणतो आणि काट्याचे कोपरे दाबून पाहतो. आता काही डुगडुगत नाही. आकड्याचं नाचणंही थांबतं.

नंतर तो मापं काढतो. मिठाची पुडी किंवा पीठाची पिशवी इथे चालत नाही. एक किलोच्या बंद पाकिटात कायद्यानेच १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, वर वेष्टनाचं वजन वेगळं. ५ ग्रॅमची चूक शोधायला निघालेल्याला १५ ग्रॅम अनिश्चित असलेली वस्तू काय कामाची? पडताळणीचा शिक्का असलेलीच मापं लागतात. प्रत्येक वेळी शून्य करून तो एकेक वजन ठेवत जातो. १ किलोला १.०००. २ किलोला २.०००. ५ किलोला ५.०००. १० किलोला ९.९८०. २० किलोला १९.७४०.

या आकड्यांची ठेवण बोलकी आहे. शून्याची चूक असती, तर ती सगळीकडे सारखी दिसली असती. प्रमाणाची असती, तर ५ किलोलाही दिसली असती. इथे ५ किलोपर्यंत काटा बिनचूक आहे आणि त्यापुढे कुठेतरी एकदम घसरतो. याचा अर्थ ठरावीक भारानंतर प्लेट किंवा तिची चौकट खाली कशाला तरी टेकते आहे, आणि वरच्या भाराचा काही हिस्सा लोडसेलला वगळून थेट तळावर जातो आहे.

प्लेट उचलल्यावर कारण सापडतं. लोडसेल मोडू नये, म्हणून चौकटीखाली थांबे म्हणून छोटे स्क्रू बसवलेले असतात. कुणी काट्यावर पोतं आदळलं, तर चौकट या स्क्रूंना टेकते आणि ठोकळा जास्त वाकत नाही. चौकट आणि स्क्रू यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हिश्श्याएवढीच असते. त्या फटीत सांडलेली साखर शिरली आहे, पावसाळ्याच्या दमटपणात तिचा पाक झाला आहे आणि वाळून तो दगडासारखा घट्ट बसला आहे. ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून पुन्हा मापं ठेवली की १० किलोला १०.००० आणि २० किलोला २०.००० दिसतात.

दुकानदाराने याआधीच काय करून घेतलं असतं, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. “दरवेळी कॅलिब्रेशन करून देतात ना, तेच करून टाका,” असं तो सुरुवातीलाच म्हणाला होता. कॅलिब्रेशन म्हणजे काट्याला दोन बिंदू शिकवणं. रिकामी प्लेट ठेवून ‘हे शून्य’, आणि मोठं ओळखीचं वजन ठेवून ‘हे २० किलो’. या दोन बिंदूंमधून यंत्र सरळ रेषा ओढतं आणि मधली सगळी वजनं त्या रेषेवरून वाचतं. फटीत साखर असताना ते केलं असतं, तर यंत्राने १९.७४० लाच २० म्हणायला सुरुवात केली असती आणि बाकीचे सगळे आकडेही त्याच प्रमाणात फुगले असते. मग खऱ्या ५ किलोला पडद्यावर ५.०६५ दिसले असते आणि १ किलोला १.०१५. वीस किलोची चाचणी मात्र हुबेहूब उतरली असती. तोवर फक्त मोठ्या पोत्यांत असलेली चूक आता रोजच्या किलो-दोन किलोच्या मालात आली असती, आणि ती गिऱ्हाइकाच्या खिशातून गेली असती. बिघाड शोधल्याशिवाय केलेलं कॅलिब्रेशन असा बिघाड झाकतं.

साखर निघाली, तरी काम संपलेलं नाही. २ किलोचं माप मध्ये ठेवून पंधरा मिनिटं थांबल्यावर आकडा २.००० वरून २.००५, मग २.०१० आणि शेवटी २.०१५ वर जातो. म्हणजे आतून खरोखरच काहीतरी सरकतं आहे.

दमट प्रदेशात याचं नेहमीचं कारण म्हणजे लोडसेलमध्ये शिरलेली ओल. पट्ट्यांवर संरक्षक लेप असतो, पण वर्षानुवर्षांची दमट हवा, मिठाचे कण आणि ओल्या फडक्याने रोज होणारी पुसापुशी यांनी तो कुठेतरी सुटतो. ओलीतून विजेला एक चोरवाट मिळते. ती वाट फार अवघड असली, तरी पुरते. समजा ३५० ओहमच्या एका पट्टीच्या दोन टोकांमध्ये ओलीमुळे १० कोटी ओहमची वाट तयार झाली. आकड्याने ती जवळजवळ बंदच वाटते. पण एवढ्यानेही ३० किलोच्या काट्याचं शून्य सुमारे १३ ग्रॅमने हलतं. शिवाय ओल कमी-जास्त होत राहते, म्हणून आकडा एका जागी ठरत नाही. दुरुस्तीवाला मीटर लावून लोडसेलच्या तारांमधला रोध मोजतो आणि तारा व धातूचा ठोकळा यांच्यातलं विद्युतरोधन वेगळ्या मीटरने तपासतो. ते घटलेलं निघालं, की निदान पक्कं होतं.

लोडसेल वाकला असेल तर खुणा वेगळ्या मिळतात. पोतं आदळून ठोकळ्याला कायमचा बाक आला, की रिकाम्या प्लेटलाच बराच संकेत येऊ लागतो, काटा सुरू करताना शून्यावर येत नाही किंवा चुकीची खूण दाखवतो. कोपऱ्यांची चाचणीही बिघडते. ३० किलोच्या काट्यावर १० किलोचं माप मध्ये आणि मग चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवलं, तर आकडे चुकीच्या मर्यादेत राहायला हवेत. एका कोपऱ्यावर ठळक फरक पडला, तर ठोकळा वाकलेला असतो किंवा त्याचा बोल्ट सैल झालेला असतो. आपल्या दुकानात कोपरे ठीक आहेत; दोष ओलीचाच आहे. ओला लोडसेल उन्हात वाळवून काही दिवस चालतो, पण पुढच्या दमट दिवसांत पुन्हा सरकायला लागतो. तो बदलावाच लागतो.

नवा लोडसेल बसवला, की मात्र कॅलिब्रेशन अटळ आहे, कारण प्रत्येक ठोकळ्याचा संकेत थोडा निराळा असतो. ते शक्यतो काटा जिथे वापरायचा तिथेच करणं चांगलं. लोडसेल वस्तूचं वजन मोजतो, म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने ओढते ते, आणि हा जोर सगळीकडे सारखा नसतो. दिल्लीत नेमका जुळवलेला काटा मुंबईत आणला, तर तो १० किलोला जवळपास ६ ग्रॅम कमी दाखवतो. काट्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातमधल्या सावरकुंडल्याहून कोकणात आलेल्या काट्यात हा फरक दोन-तीन ग्रॅमच असतो.

कॅलिब्रेशनचा स्विच दुकानदाराच्या हाताशी नसतो, तो मोहोरेच्या आड असतो. काट्यातून ओवलेल्या तारेवर शिशाचा गोळा दाबून बसवलेला असतो आणि त्यावर निरीक्षकाचा छाप असतो. वैधमापन अधिनियम, २००९ आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं. दुरुस्तीसाठी मोहोर तुटली, तर बारा महिने झालेले नसले तरी काटा पुन्हा पडताळूनच वापरायचा असतो. दुरुस्ती परवानाधारकाने करायची आणि तपासणी वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकाने, अशी ही दोन हातांची रचना आहे.

निरीक्षकही काटा शंभर टक्के बिनचूक असल्याची अपेक्षा करत नाही. चूक किती चालेल, हे ठरलेलं असतं. ५ ग्रॅम टप्प्याच्या काट्याला पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, त्यापुढे १० किलोपर्यंत ५ ग्रॅम आणि त्याहून वर साडेसात ग्रॅम एवढी कमी-जास्त चूक चालते. वापरात असलेल्या काट्याची अचानक तपासणी झाली, तर याच्या दुप्पट. दोन अंश कलल्याने १० किलोला आलेली ६ ग्रॅमची घट या मोजपट्टीवर ठेवून पाहिली, की पाणसळीच्या बुडबुड्याचं वजन कळतं: पडताळणीच्या वेळची मुभा एकटा कलच ओलांडतो.

गिऱ्हाइकाला यातलं बरंच काही काउंटरच्या पलीकडून पाहता येतं. मोहोर शाबूत आहे का, छापावरचं वर्ष आणि तिमाहीचं अक्षर कोणतं आहे, दुकानात पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का, बुडबुडा वर्तुळात आहे का आणि माल ठेवण्याआधी पडद्यावर शून्य होतं का. याशिवाय काट्याच्या पट्टीवर ‘मॅक्स’ शेजारी ‘मिन’ असा एक आकडा लिहिलेला असतो, त्याकडे सहसा कुणी पाहत नाही. त्या वजनाच्या खाली काट्यावर विसंबू नये, असा त्याचा अर्थ. या वर्गातल्या काट्यांना तो टप्प्याच्या वीसपट असतो. म्हणजे ५ ग्रॅमच्या काट्याला १०० ग्रॅम.

आता ५० ग्रॅम वेलची याच काट्यावर मोजली, तर काय होतं पाहा. पडद्यावरचे ५० म्हणजे साडेसत्तेचाळीस ते साडेबावन्न यांमधलं काहीही असू शकतं, आणि त्यात वापरातल्या काट्याला चालणारी चूक मिळवली की अंतर आणखी वाढतं. वेलची चिमटी-चिमटीने सावकाश टाकली, तर सुरुवातीचे एक-दोन ग्रॅम शून्य सांभाळणारी ती व्यवस्थाच गिळून टाकू शकते. काटा अगदी धडधाकट असूनही हे घडतं. म्हणून वेलची, केशर, लवंग असा महाग माल सुटा विकणाऱ्या दुकानात अर्ध्या किंवा एका ग्रॅमच्या टप्प्याचा दुसरा, लहान काटा हवा. त्याचीही पडताळणी दरवर्षी व्हायला हवी, आणि तो पंख्यापासून दूर, सपाट जागी ठेवलेला असायला हवा.